बोरसुरीचं वरण, १८० रुपये: टेबलावर बोलायच्या मजकुराच्या नोंदी

२० जानेवारी २०२५, सोमवार

लातूरला औसा रोडवर भाऊंचं रेस्टॉरंट आहे. खाली भाऊ बघतात, गल्ल्यावर वहिनी बसतात. पुढच्या महिन्यात एक नवीन ताट सुरू करायचंय: बोरसुरीच्या तुरीच्या डाळीचं वरण, ज्वारीच्या दोन भाकरी, भात, ठेचा, कांदा, वर साजूक तूप. जाहिरात नको, व्हिडिओ नको. गिऱ्हाईक टेबलावर बसल्यावर भाऊ स्वतः जाऊन जे बोलणार, तेवढंच लिहून हवंय. त्यात डाळीची गोष्ट यावी आणि दरही यावा.

अडचण काय ते भाऊंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "पनीरला लोक अडीचशे देतेत, काही बोलत नाहीत. वरण म्हटलं की घरचं आठवतंय. त्याला पैसे द्यायचं जीवावर येतंय." खरं आहे. लातूर ही तुरीच्या बाजाराची आणि डाळ मिलांची जागा. इथल्या माणसाला डाळीचा भाव वेगळा सांगावा लागत नाही.

भाऊंनी स्वतः एक मजकूर लिहून ठेवला होता, तो तसाच उतरवून घेतो: "आमचं जीआय मानांकित, सेंद्रिय, पारंपरिक बोरसुरी वरण, चुलीवर शिजवलेलं, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर घालून, शुगरवाल्यांसाठी अत्यंत गुणकारी. डाळ महाग असल्यामुळे दर फक्त दोनशे वीस रुपये."

उत्साह चांगला आहे. आता यातला एकेक शब्द तपासायला घेतो.

२२ जानेवारी

आधी खरं काय ते लावून घेतलं. बोरसुरी हे निलंगा तालुक्यातलं गाव. बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच आणि कास्ती कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातल्या तिन्ही पिकांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे भाऊंच्या मजकुरातलं जीआय, मिळालं. भाऊंना तिन्ही नावं एका ताटात आणायचा मोह झाला, यात नवल नाही. पण मी एकच ठेवायला सांगितलं. कारण सरळ आहे. डाळ गावातल्या एका बचत गटाकडून बिलासह येते. चिंच मात्र गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानातून येते आणि ती पानचिंचोलीचीच आहे असं दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत नाही. कोथिंबीर सकाळच्या भाजी बाजारातली. ज्याचं बिल दाखवता येत नाही, त्याचं नाव तोंडातून जायचं नाही.

"जीआय मानांकित वरण" हे तर चूकच. मानांकन डाळीला आहे, वरणाला नाही. १९९९ च्या कायद्यानुसार ते नाव लावून माल विकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. तशी नोंद उत्पादकाची असते, रेस्टॉरंटची नसते. भाऊंनी गटाकडून त्या नोंदीच्या कागदाची प्रत आणि प्रत्येक पोत्याचं बिल एका फाइलीत ठेवायचं. मेन्यूवर मानांकनाचं चिन्ह छापायचं नाही. "बोरसुरीची डाळ" एवढं म्हणायला हरकत नाही, पोत्यात खरोखर तीच असेल तोवर.

"सेंद्रिय" काढलं. त्याला प्रमाणपत्र लागतं आणि गटाकडे ते नाही. "शुगरवाल्यांसाठी गुणकारी" हेही काढलं. आजाराचं नाव घेऊन अन्नाची जाहिरात करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या नियमांत मनाई आहे. शिवाय भात आणि भाकरी एकाच ताटात वाढून शुगरची गोष्ट सांगणं मला माणूस म्हणूनही बरं वाटत नाही. "चुलीवर" काढलं, कारण स्वयंपाकघरात गॅस आहे.

एवढं काढल्यावर भाऊ म्हणाले, "मग राहिलं काय सांगायला?" मी म्हटलं, आता आत जाऊन डाळ बघू.

२५ जानेवारी

सकाळचा सगळा वेळ स्वयंपाकघरात गेला.

डाळ परातीत ओतून बघितली. मिलच्या पॉलिश डाळीशेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. पॉलिश डाळ एकसारखी पिवळी आणि चकचकीत. ही मळकट पिवळी, हाताला किंचित खरखरीत, आणि पुष्कळ दाण्यांच्या कडेला सालीचे तांबूस कण चिकटलेले. गटातल्या बाया तुरीला तेल-पाण्याचा हात लावून उन्हात वाळवतात, मग भरडून पाखडतात. शेवटचा चमक आणायचा हात त्या देत नाहीत. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या भज्जीत ओली तूर पडते तेव्हा जो वास येतो, त्याचीच जरा भाजकी छटा या कोरड्या डाळीला आहे. हा वास गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत पोहोचला, तर माझं निम्मं काम झालं.

पण पहिला कुकर उघडला आणि वरण फुटलंच नव्हतं. वर पाणी, खाली अख्खे दाणे. आचारी म्हणाला, डाळच शिजायला हट्टी आहे, चिमूटभर सोडा टाकतो, पाच मिनिटांत लोणी होईल. मी थांबवलं, कारण मला पाण्याची शंका होती. रेस्टॉरंटचं पाणी बोअरचं, भांड्याच्या कडेला पांढरा थर बसवणारं. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा मोकळा होत नाही. तीच डाळ, तेवढाच वेळ भिजवून, प्यायच्या जारच्या पाण्यात लावली. कुकर उघडला तर पळी फिरवताच डाळ एकजीव झाली.

सोड्यानं काम होतं, हे खरं. पण वरणाला साबणासारखी चव येते, रंग मातकट होतो, डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व मरतं आणि ज्या वासासाठी ही डाळ आणली तोच निघून जातो. चिंचेचंही असंच. आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला नाही म्हणते. म्हणून चिंचेचा कोळ डाळ घोटून झाल्यावर. आचाऱ्याला दोन नियम लिहून दिले: डाळीला जारचं पाणी आणि चिंच शेवटी. तीस ताटांना दोन-सव्वादोन किलो डाळ लागते, तिला आठ-नऊ लिटर पाणी. वीस लिटरचा एक जार दिवसाला पुरून उरतो.

आता सांगण्यासारखं हाती लागलं. "पॉलिश नाही" हे गिऱ्हाइकाला वाटीत दिसतं. "सोडा नाही" हे त्याला जिभेवर कळतं. दोन्ही खरं, दोन्ही जागेवर तपासता येतं.

२८ जानेवारी

आज वहिनींबरोबर हिशेब. या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊंच्या मजकुराचा कणा होता "डाळ महाग असल्यामुळे". ते खरं आहे का, हे आधी बघायचं होतं. गट डाळ २१० रुपये किलोनं देतो. रेस्टॉरंटला रोजची पॉलिश डाळ १३० ला पडते. किलोमागं ऐंशी रुपयांचा फरक ऐकायला मोठा वाटतो. २१० योग्य आहेत का, तेही ताडून पाहिलं. २०२४-२५ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. गावच्या पद्धतीनं शंभर किलो तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते, उरलेली चुणी आणि भुसा जनावरांना जातो. म्हणजे एक किलो डाळीत नुसती तूरच एकशे आठ रुपयांची. वरचे शंभर रुपये वाळवणं, भरडणं, निवडणं, ने-आण आणि बायांच्या रोजाचे. गट काही लुटत नाही.

पण ताटात डाळ जाते ७० ग्रॅम. त्यातून शिजून दोन वाट्या दाट वरण होतं. बोरसुरीची ७० ग्रॅम डाळ १४ रुपये ७० पैशांची. साधी असती तर ९ रुपये १० पैशांची. फरक ५ रुपये ६० पैसे.

वहिनींनी तो आकडा दोनदा काढून बघितला. भाऊ गप्प झाले. "डाळ महाग म्हणून ताट महाग" हे वाक्य तिथंच संपलं. पनीर आणि वरण यांच्या दरातलं अंतर सहा रुपयांनी भरून निघत नाही. ते वाक्य ठेवलं असतं तर लातूरच्या कुठल्याही आडत्यानं टेबलावर बसल्या बसल्या तोंडी हिशेब करून भाऊंना उघडं पाडलं असतं.

मग पैसे जातात कुठं? भाकरीचं पीठ १८० ग्रॅम, ५० रुपये किलोनं ९ रुपये. साजूक तूप १५ ग्रॅम, ७०० च्या भावानं साडेदहा. भात साडेतीन. फोडणी, लसूण, मिरची, चिंच, गूळ, कोथिंबीर मिळून ६. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा ७. डाळ धरून एक्कावन्न, नासधूस धरून चोपन्न रुपये. आणि या ताटासाठी जे नव्यानं करावं लागणार ते म्हणजे भाकरी करणाऱ्या मावशी. त्यांचा रोज पाचशे. दिवसाला पंचवीस ताटं गेली तर ताटामागं वीस रुपये. म्हणजे थेट खर्च चौऱ्याहत्तर, आणि त्यात डाळीपेक्षा मावशींचा हात महाग आहे.

दर याच आकड्यातून काढला. भाऊ २२० म्हणत होते, वहिनी १५० म्हणत होत्या, कारण डाळ फ्राय आणि दोन चपात्यांचे दीडशे होतात आणि "त्याच्या वर कुणी देणार नाही." मी विचारलं, हे ताट घेणारा माणूस आज काय खातो? उत्तर डाळ फ्रायच होतं. मग बघायचं ते एवढंच की त्यानं डाळ फ्राय सोडून हे घेतलं तर गल्ल्याला तोटा होऊ नये. दीडशेच्या डाळ फ्रायमध्ये माल त्रेचाळीस रुपयांचा, कराचे साडेसात, मागे उरतात नव्व्याण्णव. वरणाचं ताट दीडशेला विकलं तर उरतात अडुसष्ट. म्हणजे ताट जितकं चालेल तितकं नुकसान. १८० ला विकलं तर चौऱ्याहत्तर आणि कराचे नऊ जाऊन सत्त्याण्णव उरतात, म्हणजे जवळपास बरोबरी. २२० ला एकशे पस्तीस उरतील, पण ते मागायला आपल्याकडं सांगण्यासारखं कारण नाही.

१८० ठरले. रेस्टॉरंट जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, म्हणून गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. उलाढालीवरचे पाच टक्के भाऊंनीच भरायचे. याचा बोलण्यात उपयोग आहे: "एकशे ऐंशी, वर काही नाही" हे भाऊ खरोखर म्हणू शकतात.

३ फेब्रुवारी

पहिला पूर्ण खर्डा. बोलायला चाळीस सेकंदांच्या आत बसला पाहिजे. त्यापुढं माणसाची नजर मोबाइलकडं जाते.

दर कुठं सांगायचा, यावर बराच विचार केला. बहुतेक जण शेवटी सांगतात, आवाज खाली आणून. त्यानं होतं असं की ऐकणारा सगळी गोष्ट दराची वाट बघत ऐकतो आणि दर आला की गोष्ट म्हणजे त्याची तयारी होती असं त्याला वाटतं. मी दर ताटात काय काय आहे ते सांगितल्याबरोबर, त्याच दमात ठेवला, आणि त्यानंतर एक साधं वाक्य: साधी डाळ फ्रायही आहे. हे वाक्य भाऊंना पटत नव्हतं. "आपणच दुसरीकडं कशाला वळवायचं?" पण ज्याला नको आहे त्याला सोपी वाट दिली की ज्याला हवंय तो मोकळेपणानं घेतो. आणि डाळ फ्राय गेली तरी गल्ल्यात तेवढेच पडतात, हे आता वहिनींना माहीत आहे.

८ फेब्रुवारी

तालीम. माझं लिहिलेलं "ही डाळ पॉलिश केलेली नसल्यामुळे तिला नैसर्गिक रंग आहे" हे वाक्य भाऊंच्या तोंडी बसेना. त्यांना म्हटलं, तुमच्या शब्दांत सांगा. ते म्हणाले, "पॉलिश नाही, म्हणून चमकत नाही." तेच ठेवलं. त्यांची भाषाही तशीच ठेवली, पुस्तकी केली नाही. ठरलेला मजकूर असा:

"नमस्कार, बसा. आज एक नवीन ताट हाय, सांगू का?

(हो म्हटलं तरच कोरड्या डाळीची वाटी पुढं ठेवायची.)

ही बोरसुरीची तुरीची डाळ, आपल्या निलंगा तालुक्यातली. पॉलिश नाही, म्हणून चमकत नाही. कडंला सालीचे लाल कण दिसतेत बघा. वास घेऊन बघा.

(थांबायचं.)

सोडा न घालता शिजवतोय, म्हणून हाच वास वरणात राहतोय. सोबत हाताच्या दोन भाकरी, भात, ठेचा, चटणी, कांदा आणि वर साजूक तूप. एकशे ऐंशी रुपये, वर काही नाही. साधी डाळ फ्राय पण हाय. काय आणू?"

"घरचं तूप", "गावरान", "अस्सल" यातला एकही शब्द नाही. तूप डेअरीचं आहे, साजूक आहे, तेवढंच म्हणायचं.

१७ फेब्रुवारी

आज ताट सुरू झालं. दुपारी गल्ल्याशेजारी बसून ऐकत होतो.

वाटीनं काम केलं. लोक डाळ हातात घेतात, नखानं साल काढून बघतात. एक म्हातारे बाबा म्हणाले, "आमच्या आईची डाळ अशीच असायची," आणि दर न विचारता ताट मागवलं. पण सगळे असे नसणार. तिसऱ्या-चौथ्या टेबलावर अपेक्षित प्रश्न आलाच: "वरणाचे एकशे ऐंशी? एवढे कशाचे?"

याचं उत्तर आधीच बसवून घेतलं होतं आणि भाऊंनी ते न अडखळता दिलं: "डाळीमुळं पाच-सहा रुपयेच वाढलेत, दादा. बाकी हाताच्या भाकरी अन् तूप. भाकरीला मावशी ठेवल्यात." माणूस हसला आणि म्हणाला, आण. मला वाटतं त्याला पटलं ते यामुळं की भाऊंनी डाळीच्या नावावर पैसे लावले नाहीत. लातूरचा माणूस डाळीवर फसत नाही, पण भाकरी थापायला किती कष्ट पडतात हे त्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट खटकली. भाऊ बाहेर गेले की वेटर मुलगा बोलतो आणि त्याच्या तोंडी "ऑरगॅनिक" परत आलं. त्याला बाजूला घेऊन सांगितलं: तुला लांब बोलायची गरज नाही. वाटी ठेव, "बोरसुरीची डाळ, पॉलिश नाही, सोडा नाही, ताट एकशे ऐंशी" एवढंच म्हण आणि गप उभा राहा.

नोंदीसाठी साधी सोय केली. ऑर्डरच्या कागदावर, ज्या टेबलावर वाटी नेली तिथं कोपऱ्यात टिंब मारायचं. टिंब आहे आणि ताट नाही असे कागद वहिनी वेगळे ठेवतील. नुसत्या विक्रीवरून मजकूर चालतो की नाही ते कळत नाही. दिवस चांगला असला की सगळंच खपतं.

२४ फेब्रुवारी

आठवड्याचे कागद चाळले. दुपारी ताट चांगलं चालतं, पंचवीसच्या वर जातं. रात्री वाटी नेलेल्या टेबलांपैकी बरेच नको म्हणतात. भाऊंना वाटलं मजकुरात काही कमी आहे. कागद नीट बघितले तर रात्रीची टेबलं मोठी, पाच-सहा जणांची, एकत्र भाज्या मागवणारी. त्यांना ताट नको असतं. त्यांच्यासाठी गोष्ट बदलायची नाही, मापच बदलायचं: नुसतं वरण, चार जणांच्या वाटपाला पुरेल असा हंडीचा दर काढायला वहिनींना सांगितलं. तोवर रात्री मोठ्या टेबलावर वाटी न्यायची नाही.

परत आलेल्या ताटांत भात उरलेला दिसतो. भाकरी आणि वरण संपतं. भाताचं माप कमी करून तिसऱ्या अर्ध्या भाकरीचा विचार करावा असं मावशींनीच सुचवलं. पीठ ४५ ग्रॅम वाढेल, म्हणजे सव्वादोन रुपये. भाताचे तेवढेच वाचतील. करू.

परवा, २६ ला, महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी असेल, पण उपवास. त्या दिवशी वाटी बाहेर काढायची नाही, मावशींना सुट्टी द्यायची.

४ मार्च

पोतं निम्म्यावर आलंय. पन्नास किलोतलं पंचवीसच्या आसपास उरलं, म्हणजे या वेगानं दोन आठवडे. गटाला आजच फोन करायला लावला. त्यांच्याकडं ह्या हंगामातली डाळ आहे, पण एका वेळी एकच पोतं देतील.

पोतं संपलं आणि नवं आलं नाही तर काय, हे लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं आहे. साधी डाळ बोरसुरीच्या डब्यात ओतायची नाही. दोन्ही डबे वेगळे, झाकणावर नाव. बोरसुरीची डाळ नसेल त्या दिवशी टेबलावरची वाटी बंद आणि या ताटाचं कार्डही काढायचं, म्हणून ते कार्ड छापील मेन्यूत न घेता वेगळं ठेवलंय. भाकरी-वरण तेव्हाही विकता येईल, पण नुसतं "वरण-भाकरी" म्हणून, १७५ रुपयांना. डाळीचे पाच-सहा रुपये वाढतात असं आपण रोज सांगतो, तर ती नसताना तेवढे कमी घ्यायचे. हा आकडा वहिनींनीच काढला आणि कार्डाच्या मागच्या बाजूला पेननं लिहून ठेवला.